पिंपात डिझेल किती भरावे?



आज मी ना खताबद्दल बोलणार आहे, ना बियाण्याबद्दल. आपल्या गोठ्याच्या कोपऱ्यात किंवा शेतातल्या टिनाच्या शेडजवळ जे डिझेलचं पिंप उभं असतं, ज्याला आपण ड्रम म्हणतो, त्याबद्दल बोलणार आहे. ते किती भरावं आणि वर किती जागा मोकळी सोडावी, एवढाच विषय. विषय लहान आहे, पण त्यापायी आमच्या देऊळघाटात एका सालदाराचं साल सुटायची वेळ आली होती. म्हणून आधी ती हकीकत सांगतो.

मे महिन्याचे दिवस होते. नांगरटीचा हंगाम. एका शेतकरी भाऊंनी सकाळी सातच्या सुमारास ट्रॉलीतून पिंप नेलं आणि पंपावरून डिझेल भरून आणलं. पिंप आपलं नेहमीचं, २०० लिटरचं म्हणतात ते. पण त्यात काठोकाठ भरलं तर २१६ लिटरच्या आसपास मावतं. भाऊंनी २१५ लिटर भरून घेतलं. घरी आणून बुचं घट्ट आवळली आणि पिंप खळ्यावर उघड्या उन्हात उभं केलं. मी दुपारी दोन वाजता माती परीक्षणाच्या नमुन्यांसाठी तिथे गेलो, तर पिंपाचं वरचं झाकण पुरीसारखं फुगलेलं आणि बुचाभोवतीची धूळ ओली झालेली. मी म्हटलं, "भाऊ, हे इतकं गच्च का भरलं?" ते म्हणाले, "साहेब, फेरा त एकच पडते ना. मंग ड्रम रिकामा कायले आनू?"

त्यांचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं. आम्ही लहान बूच हळूहळू सैल केलं. आधी सूं असा आवाज झाला, मग डिझेल बुचाच्या कडेने उसळून बाहेर आलं आणि पिंपाच्या अंगावरून ओघळून मातीत जिरलं. माझ्या पिशवीत थर्मामीटर होता, तो आत सोडला. डिझेल ५२ अंश तापलेलं. भाऊंनी फडक्याने पिंप पुसलं, बूच पुन्हा लावलं आणि पिंप काठोकाठ भरलेलंच आहे म्हणून निर्धास्त झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन. "साहेब, रातच्यानं ड्रममधून डिझेल गेलं. काठी टाकून पाह्यली. काल गळ्यापर्यंत होतं, आज पावनेदोन सेंटिमीटर खाली आहे." खळ्यावर रात्री सालदार झोपलेला होता. दुसरा कोणीच नव्हता. भाऊंनी त्याला बरंच काही बोलून घेतलं होतं. तो बिचारा नुसता उभा होता.

मी गेलो. पिंपातलं तापमान पुन्हा पाहिलं. या वेळी २६ अंश भरलं. मग ओट्यावर बसून आम्ही तिघांनी कागदावर हिशेब मांडला. तोच हिशेब आज तुमच्यापुढे मांडतो. तो एकदा समजला की किती भरायचं हे कोणालाच विचारावं लागत नाही.

डिझेल तापलं की पसरतं. वजन तेवढंच राहतं, पण जागा जास्त लागते. पंपवाल्याला हे चांगलं ठाऊक असतं. म्हणून तो रोज सकाळी घनता मोजताना तापमानही मोजतो आणि दोन्हींवरून १५ अंशांवरची घनता काढून वहीत लिहितो. १५ अंशांवर ज्या डिझेलचं एक लिटर ८३२ ग्रॅम भरतं, त्याचंच एक लिटर ३० अंशांवर ८२२ ग्रॅमच्या आसपास भरतं. पसरण्याचं प्रमाण ध्यानात ठेवायला सोपं आहे. डिझेल १२ अंशांनी तापलं की १०० लिटरचं १०१ लिटर होतं. म्हणजे १२ अंशांना शेकडा एक. थंड होताना तेवढंच आखडतं.

आता भाऊंचं पिंप घ्या. पंपाच्या वहीत त्या सकाळी २८ अंश लिहिलेले होते. दुपारी पिंपात ५२ अंश झाले. फरक २४ अंशांचा. १२ ला एक, तर २४ ला दोन. म्हणजे २१५ लिटरचं शेकडा दोन, ४.३ लिटर डिझेल वाढलं. पिंपात मोकळी जागा किती होती? २१६ मधून २१५ गेले, एक लिटर. उरलेल्या ३.३ लिटरला आत जागाच नव्हती. ते आधी झाकण फुगवून बसलं, थोडं बुचातून पाझरलं आणि बूच सैल करताच मातीत गेलं. झाकणाच्या फुगवट्याचा बारीकसारीक हिशेब मी इथे सोडून देतो.

नंतर पिंपात राहिलं काठोकाठ २१६ लिटर, पण ५२ अंशांवरचं. रात्रीत ते २६ अंशांवर आलं. फरक २६ अंशांचा, म्हणजे शेकडा दोनपेक्षा किंचित जास्त. त्या हिशेबाने २१६ चं आखडून २११.४ झालं. वर ४.६ लिटरची पोकळी पडली. या पिंपात एक सेंटिमीटर उंचीला २.५५ लिटर मावतं. म्हणून ४.६ ला २.५५ ने भागलं. उत्तर आलं १.८ सेंटिमीटर, म्हणजे भाऊंची काठी दाखवत होती तेच पावणेदोन. रात्रीतून थेंबभरही कुठे गेलेलं नव्हतं. जे गेलं होतं ते सव्वातीन लिटर दुपारीच, आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत गेलं होतं. भाऊ थोडा वेळ गप्प बसले, मग सालदाराला म्हणाले, "जा बाप्पा, चहा मांड."

म्हणून काठीची मापं करायची तर रोज एकाच वेळी करावीत. पहाटेची वेळ सगळ्यात चांगली. दुपारचं माप आणि सकाळचं माप एकमेकांशी ताडून पाहू नये.

काही जण मला विचारतात की मग सकाळी थंड वेळी डिझेल घेतलं तर जास्त मिळतं का? फारसं नाही. पंपाची टाकी जमिनीत पुरलेली असते. तिथलं डिझेल सकाळी आणि दुपारी जवळपास सारख्याच तापमानाचं असतं. मात्र याच गोष्टीमुळे आपल्या पिंपाचं दुखणं वाढतं. जमिनीतलं गार डिझेल आपण वर काढतो आणि काळ्या पत्र्याच्या पिंपात घालून उन्हात ठेवतो. त्यामुळे हिशेब करताना हवेचं तापमान धरू नये. भरतानाचं डिझेलचं तापमान आणि ते जास्तीत जास्त किती तापेल, ही दोन तापमानं धरावीत. उन्हातल्या पिंपातलं डिझेल सावलीतल्या हवेपेक्षा बरंच जास्त तापतं. मालाची ने-आण करण्याचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यांत अशा ज्वालाग्राही द्रवाचं पिंप ५५ अंशांवरसुद्धा पूर्ण भरून जाता कामा नये असं सांगितलेलं आहे. आपणही तोच ५५ चा आकडा धरू. घाटावरच्या आपल्या गावात तो पुरेसा आहेच, आणि राजूर घाट उतरून मोताळा-मलकापूरकडे पिंप नेलं तरी तो उपयोगी पडतो.

आता प्रश्न असा की एवढ्याशा चार लिटरने लोखंडी झाकण का फुगावं? त्याचं उत्तर हवा आणि द्रव यांच्या स्वभावात आहे. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद करून दांडा दाबा, तो बराच आत जातो. आतली हवा दबते. त्याच पंपात पाणी भरा आणि दाबा, दांडा जागचा हलणार नाही. द्रव जवळपास दबतच नाही. न वाकणाऱ्या भांड्यात काठोकाठ डिझेल भरून तोंड बंद केलं आणि ते नुसतं एक अंश तापलं, तरी दर चौरस सेंटिमीटरला दहा किलोच्या आसपास दाब चढतो. आपलं पिंप वाकतं, फुगतं, पाझरतं, म्हणूनच ते फुटत नाही. पण फुगून गार झाल्यावर झाकण पूर्ववत सपाट झालं नाही, तर काठाची शिवण ढिली झाली असं समजावं. काठावर बोट फिरवून वास घ्या. तेलकट लागलं तर त्या पिंपात पुन्हा डिझेल भरू नका.

वरची मोकळी जागा म्हणजे हवेची गादी. गादी जाड असेल तर धक्का कमी बसतो. त्यासाठी भराईचा हिशेब असा करावा. पिंपात काठोकाठ किती मावतं ते घ्या. डिझेल पूर्ण तापल्यावरही शेकडा तीन जागा शिल्लक राहायला हवी, म्हणून त्याचे शेकडा ९७ घ्या. मग शेकडा जितकी वाढ होणार तितकी १०० मध्ये मिळवा आणि त्या बेरजेने भागा:

भरायचे लिटर = काठोकाठ लिटर × ९७ ÷ (१०० + शेकडा वाढ)

भाऊंच्या पिंपासाठी २८ पासून ५५ पर्यंत २७ अंश होतात. २७ भागिले १२ म्हणजे शेकडा सव्वादोन वाढ. २१६ गुणिले ९७ भागिले १०२.२५. उत्तर येतं २०५ लिटर. म्हणजे ११ लिटर जागा रिकामी.

पण इथे माझं स्वतःचं मत जरा वेगळं आहे. २०५ लिटर भरलेलं पिंप ५५ अंशांवर भरून जात नाही, हे खरं. तरीही वरची ११ लिटर हवा दबून साडेसहा लिटरच्याही आत येते आणि शिवाय तापते. त्या हवेचा दाब जवळपास ट्रॅक्टरच्या मागच्या टायरइतका, म्हणजे पाऊण ते एक किलोच्या घरात जातो. नवं पिंप तो सहन करील. जुनं, दहा वेळा आपटलेलं, बुचाची रबरी चकती झिजलेलं पिंप पाझरू लागेल. त्याऐवजी २०० लिटरच भरलं तर वर १६ लिटर हवा राहते आणि तोच दाब अर्ध्या किलोच्या आसपास थांबतो. पाच लिटर कमी भरल्याने ओझं जवळपास निम्मं उतरतं. पिंपाला २०० लिटरचं म्हणतात आणि पोटात मात्र २१६ मावतात, यातली वरची जागा फुकट गेलेली नाही, ती याच कामाची आहे. तेव्हा मीटरवर २०० झाले की नळी काढायला सांगावी.

थंडीत भरून उन्हाळ्यापर्यंत ठेवायचं असेल तर फरक आणखी वाढतो. समजा, डिसेंबरात रात्रभर उघड्यावर राहिलेलं डिझेल सकाळी दुसऱ्या पिंपात ओतलं. त्या वेळी ते १८ अंश होतं. ५५ पर्यंत ३७ अंश होतात, म्हणजे शेकडा तीनहून थोडं जास्त. सूत्रात घालून पाहा, उत्तर २०३ लिटर येतं. २०० चा नियम तिथेही चुकत नाही.

मग आणखी कमी, अर्धंच पिंप भरून ठेवलं तर? दाबाची काळजी नाही, पण दुसरं दुखणं लागतं. पिंप दिवसा तापतं तेव्हा हवा बाहेर ढकलतं आणि रात्री गार होतं तेव्हा आत ओढतं. आपण म्हणू की ते श्वास घेतं. पोकळी जितकी मोठी, तितका श्वास मोठा. पावसाळ्यात त्या हवेबरोबर ओल आत जाते, पत्र्याला आतून दव धरतं आणि पाणी डिझेलच्या खाली तळाशी जाऊन बसतं. त्यातही उभ्या पिंपाच्या झाकणावर पाऊस साचला असेल आणि बूच जरा जरी ढिलं असेल, तर रात्री ते साचलेलं पाणीच आत खेचलं जातं. गाळणीत पाणी सापडलं की आपण पंपवाल्याला दोष देतो. दर वेळी तो दोषी असतोच असं नाही. यावर उपाय साधा आहे. पिंप सावलीत ठेवावे. उघड्यावर उभे ठेवावेच लागले तर एका बाजूने बुडाखाली फळी सरकवून ते तिरके करावे, आणि दोन्ही बुचे पाणी साचणार नाही अशा, उताराच्या मध्यावरच्या बाजूंना येतील असे फिरवावे. नाहीतर ते आडवे करून दोन्ही बाजूंनी दगड लावावेत, बुचे मात्र एका रेषेत आडवी, डिझेलच्या पातळीखाली यावीत, म्हणजे हवा व पाणी आत शिरत नाही. अर्थात बूच पाझरत नाही याची आधी खात्री करून घ्यावी.

सावलीचा फायदा आकड्यात सांगतो. कडुनिंबाच्या दाट सावलीत डिझेल ४० अंशांपर्यंतच गेलं, तर २८ पासून १२ अंश होतात. २०० लिटरला फक्त २ लिटर वाढ. टिनाच्या बंद शेडमध्ये पिंप ठेवून सावली झाली असं मात्र समजू नये. टिनाखाली मे महिन्यात कधी कधी बाहेरच्यापेक्षा जास्त उकाडा असतो.

तुमच्या पिंपाचं माप माझ्या आकड्यांशी जुळेलच असं नाही, ते स्वतः काढावं. आतला व्यास सेंटिमीटरमध्ये घ्या. व्यासाला व्यासाने गुणा, त्याला ०.७८५ ने गुणा आणि हजाराने भागा. एक सेंटिमीटर उंचीला किती लिटर मावतं ते मिळेल. व्यास ५७ असेल तर ५७ गुणिले ५७ म्हणजे ३२४९. त्याला ०.७८५ ने गुणून आणि हजाराने भागून २.५५ येतात. आतली उंची साडेचौऱ्याऐंशी असेल तर काठोकाठ साडेदोनशे पंधरा, म्हणजे २१६ च्या आसपास. १६ लिटर मोकळे सोडायचे, म्हणून १६ भागिले २.५५, सव्वासहा सेंटिमीटर. बांबूची एक सरळ, कोरडी काठी घ्या. ती मोठ्या बुचातून तळापर्यंत सोडा आणि झाकणाच्या आतल्या पातळीवर खूण करा. त्या खुणेपासून सव्वासहा सेंटिमीटर खाली दुसरी खूण चाकूने कोरा. डिझेल या दुसऱ्या खुणेच्या वर जाता कामा नये.

ट्रॅक्टरच्या टाकीचं थोडं वेगळं आहे. तिच्या झाकणाला हवा जायला बारीक छिद्र असतं, त्यामुळे ती फुगत नाही, सांडते. ५५ लिटरची टाकी गळ्यापर्यंत भरून ट्रॅक्टर उन्हात लावला आणि डिझेल २४ अंशांनी तापलं, तर एक लिटरहून जास्त डिझेल बाहेर येतं. पुन्हा इंजिनाकडून परत येणारं डिझेल गरम असतं, तेही भर घालतं. ट्रॅक्टर उतारावर उभा असेल तर आणखी सांडतं. गळ्याच्या खाली तीन-चार बोटं जागा सोडावी आणि झाकणाचं छिद्र मातीने बुजलेलं नाही ना, ते पाहावं.

रेडिएटरला मात्र डिझेलचा आकडा लावू नका. पाण्याचा स्वभाव निराळा आहे. गार असताना ते फार कमी पसरतं आणि तापत जाईल तसं जास्त जास्त पसरतं. ३० अंशांपासून ९५ पर्यंत ते शेकडा साडेतीन वाढतं. १० लिटरच्या रेडिएटरमध्ये ही वाढ साडेतीनशे मिलिलिटर होते. म्हणून थंड इंजिनात पाणी नळ्या बुडतील इतकं, पण गळ्याच्या दोन बोटं खाली भरावं. गळ्यापर्यंत भरलं तर जास्तीचं पाणी बाहेर टाकलंच जातं आणि आपल्याला उगाच वाटतं की रेडिएटर पाणी खातो.

बाकीच्या द्रवांचं थोडक्यात सांगतो. पेट्रोल १० अंशांना शेकडा एक पसरतं आणि शिवाय त्याची वाफ होते, म्हणून ते घरात साठवूच नये. शेंगदाणा, सोयाबीन, सरकीची खाद्यतेलं सुमारे १४ अंशांना शेकडा एक पसरतात. घाण्यावरून थंडीत भरून आणलेला तेलाचा डबा उन्हाळ्यात झाकणाशी चिकट का होतो, ते यावरून ताडून पाहा. प्लास्टिकच्या कॅनची भिंत उन्हात मऊ पडते. त्यामुळे तो पत्र्याच्या पिंपाआधी फुगतो आणि झाकणाच्या आट्यांतून पाझरतो. त्यातही हीच शेकडा ७ ते ८ जागा सोडावी.

हा सगळा हिशेब फक्त उष्णतेने होणाऱ्या वाढीचा आहे. जीवामृत किंवा आंबवण असलेला कोणताही द्रव आतून वायू तयार करत राहतो. तिथे अर्धं भांडं रिकामं सोडलं तरी घट्ट झाकण लावलं की दाब चढतच जातो. त्याला गोणपाटाचं किंवा कापडाचं सैल झाकणच हवं.

आणि फुगलेलं पिंप समोर आलंच, तर दुपारी त्याला हात लावू नका. बिडी, चूल, वेल्डिंग लांब ठेवा. संध्याकाळी गार झाल्यावर, नाहीतर पहाटे, मोठं बूच न उघडता आधी लहान बूच अर्धा आटा सैल करा. सूं आवाज पूर्ण थांबू द्या, मगच ते काढा. तोंड बुचावर वाकवू नका. नंतर हातपंपाने १५-१६ लिटर स्वच्छ कॅनमध्ये काढून घ्या, काठी टाकून खालच्या खुणेपर्यंत पातळी आली का पाहा, आणि मग बूच लावा.